पाऊस पडतो किती आणि उरतो किती

सोलापूरला वर्षाकाठी सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लंडनला सहाशेच्या आसपास. नुसते आकडे पाहिले तर सोलापूर लंडनपेक्षा ओले ठरायला हवे. प्रत्यक्षात लंडनभोवती बारा महिने हिरवीगार कुरणे आणि ओकची मोठी झाडे दिसतात, आणि सोलापूर पिढ्यान्‌पिढ्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांच्या यादीत आहे. डिसेंबर उलटला की तिथल्या माळावरचे गवत पिवळे पडते आणि पुढचे पाच-सहा महिने तसेच राहते.

शाळेच्या वहीत हवामानप्रकारांचा तक्ता असतो. विषुववृत्तीय, मोसमी, वाळवंटी, भूमध्य सागरी, टुंड्रा. प्रत्येकासमोर तापमान, पाऊस, वनस्पती. मुले तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. कारण ‘निमओसाड प्रदेशात पाऊस ५०० ते ७५० मिलिमीटर’ असे लिहिले की हा आकडा कुठून आला आणि तो लंडनला का लागू होत नाही, हे तक्ता सांगत नाही. ते एकदा कळले की तक्ता पाठ करावा लागत नाही, आपला आपण भरता येतो. या लेखाच्या शेवटी एक कोरा तक्ता दिला आहे. तो भरण्यापुरते गणित आधी पाहू. ते पाचवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे.

या गणिताचा कर्ता व्लादिमिर कोपेन. १८४६ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मलेला हा शास्त्रज्ञ शाळेत होता क्रिमियात, काळ्या समुद्राच्या काठी. पुढे उच्च शिक्षणासाठी तो उत्तरेला परतला. दक्षिणेकडच्या उबदार किनाऱ्यापासून गवताळ सपाट प्रदेश ओलांडून उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलापर्यंतच्या त्या लांब प्रवासात गाव बदलते तशी झाडेही बदलतात हे त्याने पाहिले, आणि आयुष्यभर त्याचाच पाठपुरावा केला. त्याच्या काळात जगाच्या मोठ्या भागात हवामान मोजणारी केंद्रेच नव्हती. झाडे मात्र सगळीकडे होती. एखाद्या जागी शेकडो वर्षे ऊन, पाऊस आणि थंडी सोसून जी वनस्पती टिकली, ती त्या जागेच्या हवामानाची नोंदच आहे, असा त्याचा विचार. आल्फाँस द काँदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७४ साली उष्णतेच्या आणि ओलाव्याच्या गरजेनुसार वनस्पतींचे पाच गट पाडले होते. कोपेनने ते पाच गट घेतले आणि एका गटाची वनस्पती जिथे संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, तिथे तापमान आणि पाऊस किती असतो ते शोधले. १९०० साली त्याने पहिले वर्गीकरण मांडले, १९१८ साली ते सुधारले आणि १९३६ साली, वयाच्या नव्वदीत, त्याला अखेरचे रूप दिले. पुढे रुडॉल्फ गायगरने त्यात दुरुस्त्या केल्या. आज जगभर वापरले जाते ते हेच.

या पाच गटांना त्याने ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरे दिली. ‘ए’ म्हणजे उष्ण: वर्षातल्या सर्वांत थंड महिन्याचे सरासरी तापमानही १८ अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही. ‘सी’ म्हणजे समशीतोष्ण: सर्वांत थंड महिना १८ अंशांच्या खाली, पण गोठणबिंदूच्या फार खाली नाही. ‘डी’ म्हणजे थंड: हिवाळ्यात महिनाभराची सरासरी गोठणबिंदूखाली, पण उन्हाळ्यात निदान एक महिना १० अंशांच्या वर. ‘ई’ म्हणजे ध्रुवीय: सर्वांत उष्ण महिनाही १० अंशांपर्यंत पोचत नाही. हे १० अंश उगाच निवडलेले नाहीत. उत्तरेकडे झाडांचे जंगल संपून टुंड्राची खुरटी वाढ सुरू होते ती साधारण याच रेषेवर. त्यापेक्षा कमी उबदार उन्हाळ्यात झाडाला खोड वाढवण्याइतका वेळच मिळत नाही.

राहिला ‘बी’ गट, म्हणजे कोरडा. बाकीचे चार गट तापमानावर ठरतात, हा एकटा ओलाव्यावर. सोलापूर आणि लंडनचा उलगडा इथेच होतो.

जमिनीवर पडलेला पाऊस ही जमा. ऊन आणि वारा त्यातले जे वाफ करून नेतात तो खर्च. झाडाला कामाची असते ती शिल्लक. हवा जितकी तापलेली, तितका खर्च मोठा. म्हणून कोपेनने पावसाची एकच ठरावीक मर्यादा सगळ्या जगाला लावली नाही, तापमानाबरोबर सरकणारी मर्यादा लावली. आज रूढ असलेल्या रूपात ती अशी: वर्षाचे सरासरी तापमान घ्या, त्याला २० ने गुणा. मग पाऊस कोणत्या ऋतूत पडतो ते पाहा. वर्षाच्या पावसातला ७० टक्के किंवा अधिक पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या उष्ण सहामाहीत पडत असेल तर गुणाकारात २८० मिळवा. ७० टक्के पाऊस थंड सहामाहीत पडत असेल तर काहीच मिळवू नका. दोन्हीपैकी काही नसेल तर १४० मिळवा. जो आकडा येईल ती त्या जागेची कोरडेपणाची सीमा, मिलिमीटरमध्ये. वर्षाचा पाऊस त्यापेक्षा कमी असेल तर जागा कोरडी. सीमेच्या निम्म्याहूनही कमी असेल तर वाळवंट. निम्मे आणि सीमा यांच्या मध्ये असेल तर निमओसाड गवताळ प्रदेश, ज्याला स्टेप म्हणतात.

उन्हाळी पावसाला २८०ची जादा अट का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तापलेल्या जमिनीवर पडलेला पाऊस लगेच उडून जातो, थंडीत पडलेला मुरतो. म्हणून तेवढ्याच झाडोऱ्यासाठी उन्हाळी पाऊस जास्त लागतो.

आता सोलापूर. वार्षिक सरासरी तापमान साधारण साडेसत्तावीस अंश. वीसने गुणले की ५५०. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणून २८० मिळवले की ८३०. पाऊस साडेसातशेच्या आसपास, म्हणजे सीमेच्या खाली. निम्मी सीमा ४१५, पाऊस त्याच्या बराच वर. तेव्हा सोलापूर निमओसाड. लंडन: सरासरी तापमान साडेअकरा अंशांच्या आसपास, गुणाकार २३०. पाऊस वर्षभर विखुरलेला, म्हणून १४० मिळवले की ३७०. पाऊस सहाशे. सीमेच्या कितीतरी वर. लंडनला पडतो कमी, पण उरतो जास्त.

हाच हिशोब आपल्याच राज्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे करत गेलो तर सात-आठशे किलोमीटरांत हवामान तीनदा बदलते.

रत्नागिरीपासून सुरुवात करू. इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. सर्वांत थंड महिनाही १८ अंशांच्या बराच वर, म्हणून गट ‘ए’. ‘ए’ गटाचे तीन उपप्रकार आहेत. सर्वांत कोरड्या महिन्यातही ६० मिलिमीटर पाऊस पडत असेल तर ते विषुववृत्तीय वर्षावन. तेवढा पडत नसेल तर पावसाळ्यातला पाऊस इतका भरपूर आहे का, की जमिनीतल्या ओलीवर जंगल कोरडे महिने निभावून नेईल, हे पाहायचे. त्याची कसोटी अशी: वर्षाच्या पावसाला २५ ने भागा, उत्तर १०० मधून वजा करा. कोरड्या महिन्याचा पाऊस या आकड्याइतका किंवा जास्त असेल तर मोसमी प्रकार, कमी असेल तर सॅव्हाना. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस शून्याच्या जवळ असतो, म्हणून ही कसोटी सोपी होते: वर्षाचा पाऊस अडीच हजारांच्या वर असेल तर मोसमी, खाली असेल तर सॅव्हाना. रत्नागिरी आणि पणजी मोसमी ठरतात. मुंबई अडीच हजारांच्या थोडी खाली राहते, म्हणून कागदावर सॅव्हाना ठरते, नागपूरच्या गटात. दादरला पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. पण कोपेनच्या नियमात कुठेतरी रेघ ओढावी लागते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंची गावे एकमेकांसारखीच असतात, हे वर्गीकरण वापरताना कायम लक्षात ठेवावे लागते.

रत्नागिरीला एवढा पाऊस का, आणि सोलापूरला का नाही? अक्षांश हे उत्तर नव्हे. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला आहे. पश्चिम आफ्रिकेतले माली देशातले टिंबक्टू जवळपास त्याच अक्षांशावर आहे आणि तिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सूर्य दोन्हीकडे सारखाच तापतो. फरक वाऱ्याचा. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा अरबी समुद्रावरून वाफ उचलून थेट कोकणावर येतो आणि समोर सह्याद्री उभा असतो. हवा वर चढते, चढताना थंड होते, थंड हवेत वाफ मावत नाही आणि ती गळते. टिंबक्टूपर्यंत गिनीच्या आखातावरून येणारा ओला वारा पोचतो तो शेकडो किलोमीटर जमीन ओलांडून, दमून, आणि तोही जेमतेम दोन-तीन महिने. बाकी वर्षभर तिथे सहाराकडून कोरडा वारा वाहतो.

सह्याद्री ओलांडल्यावर काय होते हे पाहायचे तर महाबळेश्वर ते वाई हा रस्ता पुरेसा आहे. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पूर्वेला वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथे तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. पसरणीचा घाट उतरून वाईत आलो की सात-आठशे. घाट उतरणारी हवा खाली येताना पुन्हा तापते, तापलेल्या हवेत वाफ मावू लागते, ढग विरतात. हीच पर्जन्यछाया. पावसाळ्यात या रस्त्याने उतरताना झाडांकडे पाहत यावे. महाबळेश्वरला दाट, गर्द पानांची, वाऱ्याने बुटकी राहिलेली सदाहरित झाडे: जांभूळ, अंजनी, पिसा. फांद्यांवर शेवाळ लोंबत असते. पाचगणीच्या पुढे ती विरळ होतात. घाटाच्या पायथ्याशी उन्हाळ्यात पाने गाळणारी झाडे आणि काटेरी झुडपे दिसू लागतात. एका दिवसात चालत उतरता येईल एवढ्या अंतरात हवामानाचा एक अख्खा तक्ता उलगडतो.

पुणे या छायेच्या काठावर आहे. सरासरी तापमान २५ अंशांच्या आसपास, म्हणजे सीमा ७८०. पाऊस साडेसातशेच्या जवळपास. त्यामुळे कोणत्या तीस वर्षांची सरासरी घेतली यावर पुणे निमओसाड की सॅव्हाना हे ठरते. दोन पुस्तकांत पुण्याला दोन वेगळी नावे दिसली तर दोन्ही लेखक बरोबर असू शकतात.

सोलापूरची आणखी एक खूण पावसाच्या वेळेत आहे. कोकणात जुलै सर्वांत ओला. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो. जुलैमध्ये पश्चिमेचा वारा जोरात असतो, पण तो सह्याद्रीवर रिता होऊन आलेला असतो. सप्टेंबरमध्ये हा वारा ढिला पडतो, दुपारी जमीन तापून गडगडाटी ढग उभे राहतात आणि बंगालच्या उपसागराकडून ओलावा येऊ लागतो. इथली शेती त्या वेळापत्रकावर बेतलेली आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरतात ती सप्टेंबरचा पाऊस पिऊन झालेल्या जमिनीत, रब्बीला. पुढे पाऊस आला नाही तरी मालदांडी त्या ओलीवर कणसापर्यंत जाते. माळावरही हाच क्रम. कुसळी, पवना अशी गवते पावसाबरोबर उठतात, ऑक्टोबरपर्यंत बी धरतात आणि मग वाळून उभी राहतात. मधूनच बाभूळ, बोर, हिवर. सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य हे याच गवताचे. माळढोक हा गवतात वावरणारा पक्षी, त्याला लांबवर मोकळे दिसावे लागते.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. निमओसाड हवामानाची नैसर्गिक वनस्पती म्हणजे गवत आणि विखुरलेली काटेरी झाडे. जंगल तुटल्यामुळे तिथे गवत उरले असे सरसकट म्हणता येत नाही. वर केलेला हिशोबच सांगतो की दाट जंगल पोसण्याइतकी शिल्लक तिथे उरत नाही. तरीही सरकारी नोंदीत असे माळ ‘पडीक’ म्हणून येतात आणि मोहीम निघाली की तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. बरीच मरतात. जी जगतात ती गवत दाबतात, आणि गवतावर जगणारे काळवीट, लांडगे, माळढोक यांची जागा जाते. हवामानप्रकार ओळखता येण्याचा इथे थेट उपयोग आहे. खड्डा खणण्याआधी सीमा काढून पाहावी.

आणखी पूर्वेला नागपूर. तापमान सोलापूरसारखेच, उन्हाळा तर जास्तच कडक. म्हणून अनेकांना वाटते की नागपूर सोलापूरपेक्षा कोरडे असणार. सीमा काढली तर सुमारे ८२० येते आणि पाऊस हजाराच्या वर. म्हणजे नागपूर कोरड्या गटात बसतच नाही, ते सॅव्हाना. हा पाऊस अरबी समुद्राचा फारसा नाही. बंगालच्या उपसागरात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे ओडिशा, छत्तीसगडवरून पश्चिमेला सरकतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भ भिजवतात. सह्याद्रीपासून दूर जाताना आधी पाऊस घटतो आणि मग पुन्हा वाढतो तो या दुसऱ्या समुद्रामुळे. म्हणूनच विदर्भात साग, तेंदू, मोह, धावडा, सालई यांची पानझडी जंगले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ती उघडी पडतात. पान म्हणजे वाफ जाण्याची वाट, आणि झाड ती उन्हाळ्यापुरती बंद करते. सॅव्हाना म्हटले की आफ्रिकेतले गवत आणि जिराफ डोळ्यांसमोर येतात. आपल्याकडे त्याच नावाखाली सागवान येते.

कोपेनचे गणित हवामानापुरते आहे, जमिनीची त्याला दखल नाही. रत्नागिरीच्या सड्यांवर पाऊस तीन हजार मिलिमीटर, पण झाड नाही. खाली जांभ्याचा कातळ आणि वर बोटभर माती. पाणी पावसाळ्यात साचते आणि नंतर वाहून जाते. तिथे उगवतात ती चार महिन्यांत आयुष्य उरकणारी गवते आणि रानफुले. सड्यावर उभे राहून वनस्पतीवरून हवामान ओळखायला गेलो तर चुकू. शेजारच्या दरीत उतरलो तर बरोबर येऊ. चार्ल्स वॉरेन थॉर्नथ्वेट या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४८ साली वेगळी पद्धत मांडली, तिचा भर उडून जाणारे पाणी अधिक काटेकोर मोजण्यावर होता. ती जास्त नेमकी आहे, पण हातावर करण्याजोगी नाही. घरी बसून तक्ता भरायला कोपेनच बरा.

आता तक्ता. खाली सहा ठिकाणांचे आकडे सोयीसाठी पूर्णांकात दिले आहेत. तापमान अंश सेल्सिअसमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये. थंड आणि उष्ण महिन्याचे तापमान म्हणजे त्या महिन्याची सरासरी, दिवसा गाठलेला उच्चांक नव्हे. सर्वाधिक चुका इथेच होतात. वर्तमानपत्रात ४५ अंश वाचून तो आकडा घातला तर सगळे गणित बिघडते. रोजच्या कमाल तापमानाची महिन्याची सरासरी आणि किमान तापमानाची महिन्याची सरासरी यांची बेरीज करून निम्मे करा, म्हणजे हवा तो आकडा मिळतो.

| ठिकाण | वर्षाचे सरासरी तापमान | सर्वांत थंड महिना | सर्वांत उष्ण महिना | वर्षाचा पाऊस | सर्वांत कोरडा महिना | पाऊस मुख्यतः कधी |
|---|---|---|---|---|---|---|
| सिंगापूर | २८ | २७ | २९ | २१०० | १०० | बारा महिने |
| जैसलमेर | २७ | १६ | ३४ | २०० | जवळपास ० | जून ते सप्टेंबर |
| लेह | ७ | उणे ७ | १९ | १०० | जेमतेम | थोडाथोडा, वर्षभर |
| चेरापुंजी | १७ | १२ | २१ | ११८०० | १५ | एप्रिल ते सप्टेंबर |
| रोम | १६ | ८ | २५ | ८०० | २० (जुलै) | ऑक्टोबर ते डिसेंबर |
| मॉस्को | ६ | उणे ६ | १९ | ७०० | ३५ | वर्षभर, उन्हाळ्यात थोडा जास्त |

आणि हा कोरा तक्ता. पहिली ओळ नमुन्यादाखल भरली आहे, शेवटची तुमच्या गावासाठी आहे.

| ठिकाण | कोरडेपणाची सीमा | गट | उपप्रकार | मुख्य कारण | नैसर्गिक वनस्पती |
|---|---|---|---|---|---|
| सोलापूर | ८३० | बी | निमओसाड (स्टेप) | सह्याद्रीची पर्जन्यछाया | गवत, बाभूळ, बोर, हिवर |
| सिंगापूर | | | | | |
| जैसलमेर | | | | | |
| लेह | | | | | |
| चेरापुंजी | | | | | |
| रोम | | | | | |
| मॉस्को | | | | | |
| आपले गाव | | | | | |

भरताना क्रम पाळायचा. सर्वांत आधी ‘ई’ आहे का पाहा, म्हणजे उष्ण महिना १० अंशांच्या खाली आहे का. नसेल तर लगेच कोरडेपणाची सीमा काढा. जागा कोरडी ठरली तर तिथेच थांबा, थंड महिन्याकडे पाहूच नका. कोरडी नसेल तरच थंड महिन्यावरून ए, सी की डी ते ठरवा. ‘सी’ आणि ‘डी’मध्ये पुढे कोरडा ऋतू पाहायचा. हिवाळ्यातला सर्वांत कोरडा महिना उन्हाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी असेल तर कोरडा हिवाळा. उन्हाळ्यातला सर्वांत कोरडा महिना ४० मिलिमीटरच्या खाली आणि हिवाळ्यातल्या सर्वांत ओल्या महिन्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल तर कोरडा उन्हाळा. दोन्ही नसेल तर बारमाही ओला. दक्षिण गोलार्धात सहामाही उलटी घ्यावी लागते.

भरून झाल्यावर पुढे वाचा.

सिंगापूर वर्षावन. विषुववृत्ताजवळ वर्षभर हवा तापून वर चढते आणि कोरडा महिना येतच नाही, म्हणून उंच, थरांथरांची सदाहरित झाडे. जैसलमेरची सीमा ८२०, निम्मी ४१०, पाऊस दोनशे: वाळवंट. मोसमी वारा तिथवर पोचेपर्यंत पातळ झालेला असतो, आणि अरवलीची रांग त्याला आडवी न येता त्याच्या दिशेनेच पसरली आहे, त्यामुळे तो अडत नाही. वर हवेच्या उंच थरांत कोरडी हवा खाली दबत असल्याने ढग उभे राहत नाहीत. वनस्पती म्हणजे खेजडी, आपली शमी, आणि सेवण गवत.

लेह इथे फसवते. थंड महिना उणे ७ पाहून बहुतेक जण ‘डी’ लिहितात. पण क्रमाने गेलो तर २० गुणिले ७, अधिक १४०, म्हणजे सीमा २८०, निम्मी १४०. पाऊस, बर्फ धरून, शंभर. म्हणजे लेह वाळवंट आहे, थंड वाळवंट. हिमालयाने मोसमी वारा दक्षिणेलाच अडवलेला आहे. तिथली हिरवाई बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावरची, ओढ्याकाठची.

रोम ‘सी’, कोरड्या उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात उपोष्ण जास्त दाबाचा पट्टा उत्तरेला सरकून भूमध्य समुद्रावर बसतो आणि पाऊस थांबवतो. हिवाळ्यात तो दक्षिणेला गेला की अटलांटिकवरून पश्चिमी वारे पाऊस आणतात. ऑलिव्ह आणि सदाहरित ओक यांची पाने लहान, जाड, चिवट असतात ती त्या कोरड्या उन्हाळ्यासाठी. मॉस्को ‘डी’, बारमाही ओले. समुद्र दूर असल्याने हिवाळा कडक, उन्हाळा बऱ्यापैकी उबदार. स्प्रूससारखी सूचिपर्णी झाडे आणि बर्च यांचे मिश्र जंगल.

चेरापुंजीला बहुतेक जण विषुववृत्तीय किंवा मोसमी लिहितात. जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक ती, आणखी काय असणार? पण थंड महिना १२ अंशांचा, म्हणजे ‘ए’ नाही, ‘सी’, आणि हिवाळा कोरडा. बांगलादेशच्या सपाट प्रदेशावरून आलेला ओला वारा खासी टेकड्यांवर एकदम चढतो, म्हणून पाऊस. सुमारे तेराशे मीटर उंची आहे, म्हणून थंडावा. वनस्पतीच्या रकान्यात मात्र घाई करू नका. चेरापुंजीच्या पठारावर मोठ्या भागात नुसते गवत आहे. एवढ्या पावसाने तोडलेल्या जंगलाखालची माती धुऊन गेली आणि खाली खडक उघडा पडला. त्याच खासी टेकड्यांत मावफ्लांगची देवराई आहे, शेवाळाने आणि ऑर्किडने भरलेली. हवामानाप्रमाणे काय उगवले असते ते तिथे दिसते. आपल्या सह्याद्रीतल्या देवरायाही हेच दाखवतात. म्हणून गावाची ओळ भरताना आजचे शेत किंवा लावलेली सुबाभूळ लिहू नका, जवळची जुनी राई किंवा न नांगरलेला माळ शोधा आणि तिथे काय आहे ते लिहा.

त्या ओळीसाठी पाऊस आणि तापमान तीस वर्षांच्या सरासरीचे घ्या. भारतीय हवामान खात्याच्या सध्याच्या सरासऱ्या १९९१ ते २०२० या काळाच्या आहेत. एका वर्षाचा पाऊस घेतला तर अतिवृष्टीच्या वर्षी सोलापूर सॅव्हाना ठरेल आणि दुष्काळाच्या वर्षी बारामती वाळवंट. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस गणितात थंड सहामाहीत मोडतो. आपल्याकडे त्यामुळे ७० टक्क्यांची अट सहसा मोडत नाही, पण चेन्नईला मोडते, कारण तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. घाटाजवळच्या गावांनी तालुक्याच्या ठिकाणचा आकडा वापरू नये. महाबळेश्वर आणि वाई यांच्यात जे होते ते तुमच्या गावात आणि तालुक्यातही होत असते. मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद मिळाली तर ती घ्या. आणि तुमच्या गावाचा पाऊस सीमेच्या पन्नासेक मिलिमीटर अलीकडे-पलीकडे असेल, तर रकान्यात दोन्ही नावे लिहा.